भाताच्या भरपेट जेवणानंतर येणारी पेंग: शरीर त्या जेवणाचे काय करते?

प्रश्न: माझे वय ४४ आहे. दुपारी एक वाजता मी पोटभर भात, डाळ आणि भाजी जेवतो आणि अडीचच्या सुमारास डोळे उघडे ठेवणे कठीण होते. शिजलेला भात एकदा मोजला तेव्हा साडेचारशे ग्रॅम भरला. रात्रीची झोप सहा तासांची असते. कोणी म्हणते मेंदूचे रक्त पोटाकडे वळते, कोणी म्हणते साखर एकदम वाढून घसरते. नेमके काय होते आणि शरीर एवढ्या भाताची वाट कशी लावते?

उत्तर:

आपण ऐकलेली दोन्ही स्पष्टीकरणे बहुतेकांच्या बाबतीत चुकीची आहेत. निरोगी माणसाच्या मेंदूचा रक्तपुरवठा जेवणानंतर कमी होत नाही, आणि जेवणानंतर दीड तासाने, म्हणजे पेंग सर्वांत जड असते त्या वेळी, रक्तातील साखर घसरलेली नसते, तर उपाशीपोटी असते त्यापेक्षा बहुधा वरच असते. पेंग येते ती तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्यामुळे: मोठ्या जेवणाने मेंदूतील जागे ठेवणारी यंत्रणा सैल पडते, दुपारी शरीराच्या घड्याळात सर्वांनाच एक नैसर्गिक उतार असतो, आणि अपुऱ्या झोपेची थकबाकी नेमकी त्या उतारावर वसूल होते. गेली सव्वीस वर्षे मी मधुमेहाचे आणि चयापचयाच्या इतर तक्रारींचे रुग्ण पाहत आहे. माझ्या अनुभवात ही तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते आणि सगळा दोष भाताच्या माथी मारला जातो. भाताचा वाटा आहेच, पण तो किती आणि कसा, हे समजण्यासाठी आपल्याच ताटाचा प्रवास पाहू.

शिजलेल्या शंभर ग्रॅम पांढऱ्या भातात साधारण २८ ग्रॅम कर्बोदके, अडीच ते तीन ग्रॅम प्रथिने आणि १३० किलोकॅलरी असतात. उरलेला बहुतेक भाग पाणी असते. साडेचारशे ग्रॅम भातात म्हणजे सुमारे १२५ ग्रॅम कर्बोदके आणि ५८५ किलोकॅलरी झाल्या. डाळ, भाजी आणि त्यांतले तेल धरले तर एकूण जेवण नऊशे किलोकॅलरींच्या घरात जाते. भातातील कर्बोदके जवळजवळ सगळी पिष्टाच्या रूपात असतात. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या कणांच्या लांब साखळ्या. त्या तुटताना प्रत्येक जोडावर पाण्याचा एक कण जोडला जातो, त्यामुळे सव्वाशे ग्रॅम पिष्टातून सुमारे १४० ग्रॅम ग्लुकोज तयार होते. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून केवळ पाच ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असते. आपल्या एका ताटातून त्याच्या अठ्ठावीस पट ग्लुकोज आत येणार असते, आणि तरीही जेवणानंतरच्या शिखरावर रक्तातील साखर दीडपट किंवा जरा अधिक, एवढीच वाढते. जेवण हाताळणे म्हणजे मुख्यतः हा मेळ राखणे: आत येणाऱ्या साखरेला आवर घालणे आणि आलेली साखर त्याच वेगाने योग्य जागी पोचवणे.

तांदूळ शिजताना पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि त्यांची घट्ट रचना मोडते. कच्च्या तांदळावर पाचकरसांचा जोर फारसा चालत नाही. शिजलेल्या भातावर तो सहज चालतो. तोंडातील लाळेत अमायलेझ नावाचे विकर असते, ते चावतानाच साखळ्या तोडू लागते. भात मात्र फारसा चावावा लागत नाही, मऊ असल्यामुळे तो पटकन गिळला जातो, म्हणून तोंडातले काम थोडक्यात आटोपते. जठरात गेल्यावर घासाच्या आतल्या भागात लाळेचे विकर काही वेळ काम करत राहते आणि आम्ल आत मुरले की थांबते. जठर स्वतः पिष्ट पचवत नाही. त्याचे काम अन्न साठवण्याचे, घुसळून त्याचा पातळ लगदा करण्याचे आणि तो थोडा थोडा करून लहान आतड्यात सोडण्याचे असते.

हे थोडे थोडे सोडणे फार महत्त्वाचे आहे. लहान आतड्याच्या भिंतीत पोषकद्रव्ये ओळखणाऱ्या पेशी असतात. ग्लुकोज, मेद आणि प्रथिनांचे तुकडे येऊ लागले की त्या पेशी कोलेसिस्टोकायनिन, जीएलपी-१ यांसारखी संप्रेरके सोडतात, आणि जठराचे दार आवळले जाते. या लगामामुळे जठरातून दर मिनिटाला साधारण दोन ते तीन किलोकॅलरी एवढेच अन्न पुढे सरकते. या हिशेबाने आपले नऊशे किलोकॅलरींचे जेवण पूर्ण बाहेर पडायला पाच तास तरी लागतात. सुरुवातीचा तासभर वेग थोडा जास्त असतो, पुढे तो मंदावतो. अडीच वाजता आपल्याला पेंग येते तेव्हा निम्म्याहून अधिक जेवण अजून जठरातच असते. पोट जड वाटते त्याचे कारण हेच, आणि मी रुग्णांना हे आवर्जून सांगतो, कारण ‘दीड तासात सगळे पचले असेल’ असा अनेकांचा समज असतो.

लहान आतड्यात स्वादुपिंडाचे अमायलेझ पिष्टाच्या उरलेल्या साखळ्यांचे बारीक तुकडे करते, आतड्याच्या अस्तरावरील विकरे त्या तुकड्यांचे सुटे ग्लुकोज करतात आणि अस्तराच्या पेशी ते सोडियमच्या जोडीने आत ओढून घेतात. तेथून ग्लुकोज थेट सर्व शरीरात जात नाही. ते प्रथम यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरते. दोन जेवणांच्या मधल्या काळात यकृत स्वतः तासाला सात-आठ ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असते. जेवण आले की स्वादुपिंडातून इन्शुलिन वाढते आणि यकृताचे हे सोडणे जवळजवळ बंद होते. त्याच वेळी यकृत आलेल्या ग्लुकोजपैकी साधारण एक तृतीयांश स्वतःकडे ठेवून घेते आणि त्याचे बरेचसे ग्लायकोजेन करून साठवते. पुढे गेलेल्या ग्लुकोजचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक म्हणजे हातापायांचे आणि धडाचे स्नायू. इन्शुलिनच्या इशाऱ्यावर स्नायूंच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ग्लुकोजची वाहक प्रथिने आणून बसवतात आणि ग्लुकोज आत घेतात. मेंदूला इन्शुलिनची वाट पाहावी लागत नाही. तो जेवणाआधी आणि जेवणानंतरही तासाला सुमारे पाच ग्रॅम एवढेच ग्लुकोज वापरतो. म्हणजे तासाला पंचवीस-तीस ग्रॅम येते, पाच ग्रॅम मेंदू वापरतो आणि उरलेले यकृत, स्नायू व इतर अवयव वाटून घेतात. दरम्यान शरीर मेद जाळणे कमी करून मुख्यतः साखर जाळू लागते.

आता रक्ताचा मुद्दा. आतड्यांकडे जाणारे रक्त मोठ्या जेवणानंतर खरोखरच वाढते, कधी कधी दुपटीपर्यंत. पण ते मेंदूकडून उसने घेतलेले नसते. हृदय दर मिनिटाला थोडे अधिक रक्त ढकलते, आणि काही प्रमाणात इतर भागांतील रक्तवाहिन्या आकसतात. मेंदूला मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मिळते आणि रक्तदाब बऱ्यापैकी वरखाली झाला तरी मेंदूच्या रक्तवाहिन्या स्वतःची रुंदी बदलून तो पुरवठा स्थिर राखतात. व्यायाम करताना पायांच्या स्नायूंकडे याहून कितीतरी जास्त रक्त जाते, तरी धावता धावता कोणाला झोप लागत नाही. या समजाला एक खरा अपवाद मात्र आहे. वृद्धांमध्ये, दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा पार्किन्सनच्या आजारात रक्तवाहिन्यांवरचे नसांचे नियंत्रण कमजोर होते, आणि मोठ्या जेवणानंतर दोन तासांच्या आत वरचा रक्तदाब २० मिलिमीटर किंवा अधिक खाली येऊ शकतो. त्यांना केवळ पेंग येत नाही. उठताना चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, क्वचित ते पडतात. जेवणाआधी आणि जेवणानंतर तासाभराने रक्तदाब मोजला की हे कळते.

साखर घसरण्याचा मुद्दा मी एका रुग्णाच्या नोंदींवरून सांगतो, कारण त्यांची तक्रार जवळजवळ आपल्यासारखीच होती. बैठे काम करणारे सत्तेचाळीस वर्षांचे गृहस्थ, दुपारी भाताचे भरगच्च जेवण, रात्री साडेपाच-सहा तास झोप. साखर घसरते या समजुतीने ते अडीच वाजता गोड पेय घेत असत. मी त्यांना ते काही दिवस थांबवून बोटाच्या टोकावरून साखर मोजायला सांगितली. जेवणाआधी ९४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, एका तासाने १५८, दीड तासाने, म्हणजे डोळे मिटत असताना, १४१ आणि अडीच तासांनी ११८. पेंग सर्वांत गडद होती त्या क्षणी साखर उपाशीपोटीच्या पातळीहून सत्तेचाळीसने वर होती. गोड पेयाने ते कसलीही तूट भरून काढत नव्हते, उलट शिखरावर आणखी भर घालत होते.

जेवणानंतर साखर खरोखर कमी होण्याचे प्रकार असतात, पण त्यांची ओळख वेगळी आहे. ते सहसा दोन ते चार तासांनी येतात, त्यांत घाम फुटतो, हात कापतात, छातीत धडधडते, कडकडून भूक लागते, मोजलेली साखर ५५ च्या आसपास किंवा खाली असते आणि गोड खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे विशेष दिसते. इन्शुलिन किंवा स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी तर अकस्मात आलेली गुंगी साधी पेंग समजू नये. त्यांनी आधी साखर मोजावी आणि ती ७० च्या खाली असल्यास लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्यावे.

मग साखर वर असतानाही झोप का येते? मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात साधारण पन्नास ते ऐंशी हजार पेशींचा एक समूह ऑरेक्सिन नावाचे रसायन तयार करतो. या पेशींच्या शाखा मेंदूभर पसरलेल्या असतात आणि जागेपण टिकवून धरणाऱ्या केंद्रांना त्या सतत चालना देत राहतात. ऑरेक्सिनचा शोध १९९८ मध्ये लागला; नार्कोलेप्सी या आजाराच्या मुख्य प्रकारात याच पेशी नष्ट झालेल्या असतात आणि रुग्णाला दिवसा अनावर झोप येते. २००६ मध्ये डेनिस बर्डाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूच्या कापांवर दाखवले की भोवतीचे ग्लुकोज जेवणानंतर वाढते तेवढे वाढवले तरी या पेशींचे विद्युत्स्पंदन मंदावते. पुढे त्याच दिशेच्या कामातून दिसले की प्रथिनांपासून मिळणारी अमिनो आम्ले या पेशींना उलट उत्तेजित करतात. प्राण्याच्या दृष्टीने हे उपयोगाचे आहे: भूक असताना अन्न शोधायला जागे राहणे आणि पोट भरल्यावर विसावणे. उंदराच्या मेंदूतील निष्कर्ष जसाच्या तसा माणसाच्या दुपारवर लादता येत नाही, हे मान्य करूनही भरपूर भात आणि अल्प प्रथिने असलेले ताट अधिक गुंगी का आणते, याचे मला पटणारे स्पष्टीकरण हेच आहे.

यात जेवणाच्या आकारमानाची भर पडते. ताणलेल्या जठराच्या भिंतीतून आणि आतड्यातील संप्रेरकांमुळे व्हेगस नसेवाटे मेंदूच्या देठापर्यंत तृप्तीचे संदेश जातात, आणि हे संदेश शांतपणाकडे, हालचाल कमी करण्याकडे नेणारे असतात. कोलेसिस्टोकायनिन तेला-तुपाने विशेष वाढते. म्हणून भात तेवढाच ठेवून त्यावर बरेच तेल किंवा तूप आले तर रक्तातील साखरेचे शिखर थोडे बुटके होते, तरी सुस्ती मात्र वाढू शकते. साखरेचा आलेख आणि पेंगेचा आलेख एकच नाही, ही गोष्ट या उदाहरणातून सर्वांत स्पष्ट होते.

ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे स्पष्टीकरणही आपल्या वाचनात आले असेल. अमेरिकेत जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वर्टमन यांनी १९७१ मध्ये उंदरांवर दाखवले की कर्बोदके दिल्यावर इन्शुलिनमुळे इतर अमिनो आम्ले स्नायूंत ओढली जातात, ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरायला मोकळी वाट मिळते आणि तेथे त्यापासून बनणारे, झोपेशी जोडले जाणारे सेरोटोनिन वाढते. प्रयोग उत्तम होता, पण जेवणात प्रथिने थोडी जरी असली, उष्मांकांच्या पाच टक्क्यांच्या आसपास, तरी हा परिणाम बराचसा पुसला जातो. नुसत्या भातातच सुमारे आठ टक्के उष्मांक प्रथिनांचे असतात आणि आपल्या ताटात वर डाळ आहे. त्यामुळे आपल्या पेंगेसाठी मी या कारणाला फारसे वजन देत नाही.

भाताचा प्रकार किती फरक पाडतो, हेही यालाच जोडून. पिष्टाच्या साखळ्या दोन तऱ्हेच्या असतात: सरळ अमायलोज आणि फांद्या फुटलेले अमायलोपेक्टिन. मऊ, चिकट होणाऱ्या तांदळात फांद्यांचे पिष्ट जास्त असते आणि ते लवकर पचते. मोकळा, सुटा शिजणाऱ्या तांदळात अमायलोज बहुधा जास्त असते आणि तो हळू पचतो. उकडा तांदूळही सहसा हळू पचतो. सिडनी येथे झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी पुरुषांना झोपण्यापूर्वी चार तास लवकर पचणाऱ्या तांदळाचे जेवण दिले तेव्हा त्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली, तर हळू पचणाऱ्या तांदळाच्या जेवणानंतर साडेसतरा मिनिटे लागली. प्रयोग लहान आणि रात्रीचा होता, त्यामुळे दुपारबद्दल त्यातून मोठा निष्कर्ष काढू नये. पण तांदूळ बदलल्याने परिणाम बदलतो, एवढे त्यातून दिसते. माझ्या अनुभवात मात्र तांदूळ बदलण्यापेक्षा भाताचे प्रमाण बदलण्याने रुग्णाला अधिक फरक जाणवतो.

आता घड्याळाकडे येतो. दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान जागरूकतेत एक उतार येतो आणि तो जेवण न घेतलेल्यांमध्येही दिसतो. सकाळपासून जागे राहिल्याने झोपेचा दाब साचत जातो. त्याला तोंड देणारा शरीरघड्याळाचा जागवणारा जोर संध्याकाळकडे वाढत जातो, पण दुपारी तो अजून पुरेसा चढलेला नसतो. या फटीत पेंग शिरते. आपले जेवण एकला होते आणि दीड तासाने आपण या उताराच्या ऐन मध्यावर असतो. सहा तासांची झोप हा दाब आणखी वाढवते, कारण बहुतेक प्रौढांना सात तास किंवा अधिक झोप लागते. उपवासाच्या दिवशी त्याच वेळी आपल्याला कसे वाटते ते आठवून पाहा. पेंग कमी असली तरी ती पूर्ण नाहीशी होत नसेल, तर तेवढा वाटा घड्याळाचा आणि झोपेचा आहे.

हा वाटा वेगळा काढण्यासाठी त्या रुग्णाकडून मी जे करून घेतले तेच आपल्यालाही सुचवतो. पेंगेची नोंद कारोलिन्स्का मोजपट्टीवर करावी. तीत १ म्हणजे अत्यंत सजग आणि ९ म्हणजे झोपेशी झगडावे लागणे. जेवणाआधी एकदा आणि नंतर दर अर्ध्या तासाने, तीन तासांपर्यंत आकडा लिहावा. पहिले तीन दिवस काहीही बदलू नये. त्या गृहस्थांचा दीड तासाचा आकडा या दिवसांत ८ होता. पुढचे तीन दिवस भात निम्मा, डाळ दुप्पट, भाजी भरपूर आणि जेवणाची वेळ तीच; आकडा ६ वर आला आणि साखरेचे शिखर १३२ वर. त्यानंतर भात पुन्हा पूर्वीइतका केला, पण आठवडाभर रात्री साडेसात तास अंथरुणात राहायला सांगितले. आठवड्याच्या शेवटी, पूर्ण ताट जेवूनही, आकडा ५ होता. ते स्वतः चकित झाले, कारण वर्षानुवर्षे त्यांनी भातालाच दोषी ठरवले होते. दोन्ही बदल एकत्र केल्यावर आकडा ३ ते ४ या दरम्यान स्थिरावला. प्रत्येकात प्रमाण असेच निघेल असे नाही. जे सात-साडेसात तास शांत झोपतात त्यांच्यात भात कमी केल्याचा फरक अधिक ठळक असतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही.

आपल्या ताटासाठी माझी सूचना अशी: शिजलेला भात दोनशे ते अडीचशे ग्रॅमवर आणावा आणि रिकामी झालेली जागा डाळ, कडधान्य किंवा प्रथिनांच्या अन्य पदार्थाने व भाजीने भरावी. त्यामुळे पोट रिकामे वाटत नाही आणि जठराला सोडावयाची साखर जवळजवळ निम्मी होते. भाजी आणि प्रथिने आधी खाऊन भात शेवटी खाल्ल्यास जेवण तेच राहूनही साखरेचे शिखर खाली येते, कारण भात येण्यापूर्वीच जठरावरचा लगाम आवळलेला असतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे साध्या वेगाने चालावे. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत घेतो, आणि उभे राहून हालचाल केल्याने सजगताही वाढते. शक्य असेल तर वीस मिनिटांची डुलकी घेण्यात काहीच गैर नाही. ती तासाभरापर्यंत लांबली तर गाढ झोपेतून उठावे लागते आणि अर्धा तास डोके जड राहते. कॉफी घ्यायचीच असेल तर ती दुपारी लवकर घ्यावी, कारण तिचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असू शकतो आणि तो रात्रीची झोप खातो. मग दुसऱ्या दिवशीची पेंग आणखी वाढते.

भात थंड करून पुन्हा गरम करण्याचा उपायही बराच सांगितला जातो. थंड होताना अमायलोजच्या साखळ्या पुन्हा घट्ट जुळतात आणि पिष्टाचा काही भाग लहान आतड्यात पचत नाही, हे खरे आहे. पण परिणाम माफक असतो आणि साडेचारशे ग्रॅम भाताला त्याने तारून नेता येत नाही. शिवाय शिजलेला भात तासन्‌तास उबदार जागी राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस हा जंतू वाढतो, आणि त्याचे उलटी आणणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. थंड करायचाच तर भात लवकर पसरट भांड्यात गार करून शीतकपाटात ठेवावा.

आपण लिहिलेल्या तक्रारीत मला आजाराची खूण दिसत नाही, तरी वय ४४ असल्याने उपाशीपोटीची साखर आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए१सी या दोन चाचण्या एकदा करून घ्याव्यात. उपाशीपोटीची साखर १२६ किंवा अधिक, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा अधिक आले, तर चाचणी पुन्हा करून मधुमेहाची खात्री करतात. पेंगेबरोबर तहान, वारंवार लघवी किंवा कारण नसताना वजन उतरणे असेल तर चाचणी पुढे ढकलू नये. घरच्यांनी जोरदार घोरणे किंवा झोपेत श्वास थांबणे पाहिले असेल, सकाळी उठल्यावरही ताजेतवाने वाटत नसेल आणि पेंग केवळ जेवणानंतर न येता सकाळी बैठकीत, वाचताना, प्रवासातही येत असेल, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी करावी. अशा रुग्णाच्या ताटातून भात काढून टाकल्याने मूळ दोष तसाच राहतो. ॲलर्जीच्या काही गोळ्या, काही वेदनाशामके आणि मनोविकारांवरील काही औषधेही दुपारची पेंग वाढवतात, त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना आपण घेत असलेल्या औषधांची यादी बरोबर न्यावी. आणि हे सारे मार्गी लागेपर्यंत, ज्या दिवशी मोठे जेवण झाले असेल त्या दिवशी दोन ते चारच्या दरम्यान लांबचे वाहन चालवू नये. त्या मोजपट्टीवर ७ च्या वर आकडा असताना काही सेकंदांची डुलकी नकळत लागते, आणि ती लागून गेल्याचे चालकाच्या लक्षातही येत नाही.